डब्यातलं बेसन आणि वहीतलं बेसन

आमच्या वहिनींचा घरगुती फराळाचा धंदा आहे. मालाची शिल्लक त्या वहीत लिहायच्या, जुना आकडा खोडायचा आणि शेजारी नवा लिहायचा. आकडा चुकला, की तो कुठे चुकला हे खोडाखोडीतून कळायला काही मार्ग नसायचा. म्हणून एक्सेलमध्ये आम्ही एकच नियम ठेवला: शिल्लक हातानं लिहायची नाही. लिहायची ती फक्त ये-जा.

‘नोंद’ या पानावर पाच रकाने आहेत: तारीख, माल, आवक, जावक, शिल्लक. आरंभीचा साठाही आवक म्हणूनच चढवायचा. शिल्लकेच्या रकान्यात, दुसऱ्या ओळीत, हे सूत्र लिहून खाली ओढलं:

```
=SUMIFS(C$2:C2,B$2:B2,B2)-SUMIFS(D$2:D2,B$2:B2,B2)
```

यातली गंमत डॉलरच्या चिन्हात आहे. त्यामुळे पहिली ओळ जागेवर खिळते आणि शेवटची खाली सरकत जाते. म्हणजे प्रत्येक ओळ वरपासून स्वतःपर्यंतचा फक्त त्याच मालाचा हिशेब करते. बेसन 50 किलो आलं, मध्ये पोह्यांची एक ओळ, मग बेसन 6 किलो गेलं, तर तिथे 44 दिसतात. पोह्यांचा त्यात संबंध नाही.

‘माल’ या दुसऱ्या पानावर प्रत्येक वस्तूची एक ओळ. तिथे पूर्ण रकान्यांची अशीच वजाबाकी करून आजची शिल्लक येते आणि शेजारी असते मागणीची पातळी. बेसन रोज सरासरी 6 किलो लागतं, व्यापारी 4 दिवसांनी पोचवतो, म्हणजे 24 किलो. त्याला उशीर झाला तर हाताशी दोन दिवसांचे 12. पातळी झाली 36.

```
=IF(B2<=C2,"मागवा","")
```

दुसऱ्या दिवशी 8 किलो गेलं. शिल्लक 36, म्हणजे ‘मागवा’ दिसायला हवं होतं. दिसेना! नोंदीत पाहिलं तर त्या ओळीत शिल्लक चक्क उणे 8. नाव टाइप करताना ‘बेसन’च्या पुढे एक मोकळी जागा पडली होती. डोळ्यांना ती दिसत नाही, पण एक्सेलच्या लेखी तो वेगळाच माल. उणे शिल्लक दिसली, की नाव तरी चुकलंय किंवा आवक चढवायची राहिलीय असं समजावं. त्यानंतर आम्ही डेटा व्हॅलिडेशननं नावांची यादी लावली. आता नाव टाइप न करता निवडायचं.

एक उणीव मात्र आहे. माल मागवला तरी तो येईपर्यंत ‘मागवा’ हटत नाही, आणि घाईत दुसऱ्यांदा फोन जातो. त्यासाठी ‘मागवलेला’ हा रकाना हवाच, आणि तुलना करताना तो शिलकेत मिळवायचा.

शनिवारी वहिनी डबे मोजतात. परवा बेसन 33 किलो भरलं, पानावर 36. सूत्राला हात न लावता आम्ही 3 किलोची जावक लिहिली, शेरा ‘मोजणीतला फरक’. वहिनी म्हणाल्या, “फरक कसला? पाऊस लागला त्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांनी भजी खाल्लीत.”