तूरडाळ कमी झाली ती नेमकी कशामुळे?

२०१५च्या ऑक्टोबरात, दसरा-दिवाळीच्या तोंडावर, तूरडाळीचा किरकोळ भाव देशातल्या अनेक शहरांत किलोला २०० रुपयांच्या वर गेला. वर्षाच्या सुरुवातीला हीच डाळ शंभराच्या आत मिळत होती. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता, मराठवाड्यातली तूर करपली होती आणि आयात मागणीला पुरी पडत नव्हती. सरकारनं साठ्यांवर मर्यादा घातली, व्यापाऱ्यांच्या गोदामांवर छापे पडले. या सगळ्याच्या बातम्या झाल्या. घराघरांतल्या ओट्यावर जे झालं त्याची बातमी झाली नाही: वरण पातळ झालं, आमटीत मसूर आली, आठवड्यातून दोनदा पिठलं होऊ लागलं.

भाव वाढला की खप घटतो हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पण एखाद्या घरात महिन्याला चार किलो तूर येत होती आणि ती दोन किलोवर आली, तर हे दोन किलो कुठे गेले, हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कारण भाववाढ एकाच वेळी दोन गोष्टी करते. एक, तूर ही मसूर आणि मुगाच्या तुलनेत महाग होते, त्यामुळे हात आपोआप दुसऱ्या डाळीच्या डब्याकडे वळतो. याला पर्यायता परिणाम म्हणतात. दोन, घरात येणारा पगार तेवढाच असला तरी त्यात पूर्वीइतकं सामान बसत नाही. म्हणजे कुणी पगार न कापताही ते घर थोडं गरीब झालेलं असतं, आणि गरीब झालेलं घर बऱ्याच गोष्टी जराजरा कमी घेतं, त्यात तूरही आली. हा उत्पन्न परिणाम. वाण्याच्या चिठ्ठीवर मात्र दोन्हींची मिळून एकच नोंद दिसते: तूर, दोन किलो.

ही दोन कारणं सुटी कशी करायची? त्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती एका हिशेबातून नीट कळते. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. पाच माणसांचं घर, महिन्याला ४ किलो तूर, भाव ८० रुपये, म्हणजे तुरीचा खर्च ३२० रुपये. भाव २०० झाला. तीच ४ किलो घ्यायची तर ८०० रुपये हवेत, म्हणजे ४८० रुपये जास्त. आता अशी कल्पना करायची की कुणीतरी या घराला दरमहा नेमके ४८० रुपये हातात आणून देतं. घर गरीब झालेलं नाही. हवं तर ते जुनं सगळं सामान, जुन्याच मापानं, उचलू शकतं.

ते तसंच उचलेल का? बहुतेक नाही. मसूर शंभर रुपयांना समोर दिसत असताना तुरीचा चौथा किलो २०० रुपये मोजून घ्यावा, असं फार थोड्यांना वाटेल. समजा हे घर अडीच किलोवर थांबलं आणि उरलेल्या पैशांतून मसूर, थोडी अंडी, एखादी जास्तीची भाजी आणली. पैसे असूनही जो दीड किलो सुटला, तो पर्यायता परिणाम. मग ते ४८० रुपये काढून घ्यायचे. आता अडीच किलोही जड जातात आणि घर दोन किलोवर येतं. हा शेवटचा अर्धा किलो उत्पन्न परिणाम. दोन किलोंच्या घटीतला पाऊण भाग दुसऱ्या डाळीकडे वळण्याचा आणि पाव भाग खिसा आखडल्याचा, असा या घराचा हिशेब निघतो.

ही युक्ती येवगेनी स्लुत्स्की या अर्थतज्ज्ञाची. कीव्हच्या विद्यापीठातून विद्यार्थी चळवळीपायी काढून टाकलेल्या या माणसानं १९१५ साली एका इटालियन नियतकालिकात गणितानं भरलेला लेख लिहिला. पहिलं महायुद्ध चालू होतं. लेखाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. जवळजवळ वीस वर्षांनी, १९३४ मध्ये, लंडनमध्ये जॉन हिक्स आणि रॉय अॅलन स्वतंत्रपणे तिथेच पोचले आणि नंतर त्यांना कळलं की वाट आधीच कुणीतरी तुडवलेली आहे. हिक्सनं १९३९च्या आपल्या पुस्तकात स्लुत्स्कीचं श्रेय मोकळेपणानं मान्य केलं. दोघांत एक बारीक फरक मात्र राहिला. स्लुत्स्की घराला जुनं सामान परवडेल इतके पैसे देतो. हिक्स जुनं समाधान टिकेल इतकेच देतो, आणि ते नेहमी कमी असतात, कारण थोडं समाधान मसुरीतूनही मिळतं. वरच्या घराला ४८०च्या ऐवजी साडेतीनशेसुद्धा कदाचित पुरले असते.

हे सगळं कागदी वाटेल. पण भरपाईचा हा प्रयोग भारतात वर्षातून दोनदा, लाखो लोकांवर, सरकारी आदेशानं होतो. त्याचं नाव महागाई भत्ता. शिमल्याचा श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्यात ठरावीक वस्तूंची, ठरावीक वजनांची एक टोपली असते, आणि हीच टोपली आज घ्यायला पूर्वीपेक्षा किती जास्त लागतात ते मोजलं जातं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता जानेवारी आणि जुलैपासून त्यानुसार बदलतो. जुनी टोपली परवडावी म्हणून पैसे देणं, ही जवळजवळ शब्दशः स्लुत्स्कीची भरपाई आहे.

त्यामुळे २०१५च्या दिवाळीत भत्ता मिळणाऱ्या घरातही तूर कमी का शिजली असेल, हे समजतं. भत्ता मूळ वेतनाच्या टक्क्यांत, सहा महिन्यांनी आणि सरासरी टोपलीवर मिळतो, त्यामुळे कुठल्याच घराची भरपाई बरोबर मापाची होत नाही. पण ती बरोबर झाली असं धरलं तरी भत्ता फक्त उत्पन्न परिणाम पुसतो. तुरीकडून मसुरीकडे वळण्याचं कारण तो पुसत नाही आणि पुसूही नये. उलट टोपली जुनी ठेवून घर नव्या पद्धतीनं खरेदी करत असेल, तर निर्देशांक राहणीमानाचा खर्च थोडा फुगवूनच दाखवतो. टोपलीचं आधारवर्ष अधूनमधून बदलावं लागतं, त्यामागे हेही एक कारण आहे. या निर्देशांकाचं आधारवर्ष २००१ वरून २०१६ वर आलं ते २०२० मध्ये. शेतमजुराला, रिक्षावाल्याला, घरकाम करणाऱ्या बाईला असा भत्ता नाही. त्यांच्या घरात दोन्ही परिणाम पूर्ण ताकदीनं येतात.

ताकद कशावर ठरते? पर्यायता परिणाम मोठा तेव्हा, जेव्हा शेजारच्या डब्यात चालण्यासारखं काहीतरी असतं. तुरीला मसूर आहे, मिठाला काही नाही. पेट्रोलचं उदाहरण मधलं. मे २०२१ मध्ये मुंबईत लिटरचा भाव शंभरीपार गेला, पण दुसऱ्या दिवशी स्कूटरवाल्यानं काय करावं? कामावर तर जायचंच. पर्याय शोधायला त्याला वेळ लागतो: बसचा पास, कुणाबरोबर भागीत जाणं, नवी गाडी घेताना सीएनजी किंवा बॅटरीवर चालणारी. म्हणून पहिल्या महिन्यात पेट्रोल फारसं कमी होत नाही. त्याऐवजी हॉटेलात जाणं आणि नवे कपडे घेणं कमी होतं, म्हणजे उत्पन्न परिणाम दुसऱ्याच वस्तूंवर जाऊन पडतो. दुकानदाराला वाटतं, लोकांना आता कपडे नकोत. कपड्यांचा यात काही दोष नसतो.

उत्पन्न परिणाम मोठा तेव्हा, जेव्हा महागलेली वस्तू घरखर्चाचा मोठा वाटा खात असते. ४८० रुपये हे चाळीस हजारांच्या घरात १.२ टक्के, आठ हजारांच्या घरात सहा टक्के. भाववाढ एकच, आणि धक्का पाचपट.

इथपर्यंत दोन्ही परिणाम एकाच दिशेला ओढत होते. पण उत्पन्न परिणाम नेहमी खालीच ओढेल असं नाही. काही वस्तू माणसं हातात पैसा आला की कमी घेतात आणि गरिबी वाढली की जास्त: स्वस्त पोटभरीचं धान्य ही त्यातली ठळक गोष्ट. अशा वस्तूचा भाव वाढला तर पर्यायता परिणाम म्हणतो कमी घे, आणि उत्पन्न परिणाम म्हणतो जास्त घे. दुसरा वरचढ ठरला तर भाव वाढल्यावर खप वाढेल. आल्फ्रेड मार्शलनं १८९५ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत गरिबांच्या पावाबद्दल अशी शक्यता मांडली आणि ती रॉबर्ट गिफन यांच्या नावावर टाकली. त्यानंतर शतकभर ही वस्तू पाठ्यपुस्तकात राहिली. बाजारात ती खात्रीनं कुणाला दाखवता आली नाही. आयर्लंडच्या दुष्काळातल्या बटाट्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली खरी, पण पीकच नष्ट झालेलं असताना लोकांनी बटाटे जास्त खाल्ले, हे जमण्यासारखं नव्हतं.

खात्रीलायक पुरावा आला चीनमधून. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थतज्ज्ञांनी हुनान आणि गान्सू या प्रांतांतल्या शहरी गरीब कुटुंबांवर पाच महिन्यांचा प्रयोग केला आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. दोन्ही मिळून सुमारे १३०० कुटुंबं होती. काहींना चिठ्ठी टाकून सवलतीची कुपनं दिली: हुनानमध्ये तांदळावर, गान्सूमध्ये गव्हाच्या पिठावर, अर्ध्या किलोमागे ०.१० ते ०.३० युआन. बाकीच्यांना काही नाही. हुनानमध्ये तांदूळ स्वस्त झालेल्या कुटुंबांनी तांदूळ कमी खाल्ला, आणि कुपनं संपून भाव पूर्ववत झाल्यावर पुन्हा जास्त. कारण साधं आहे. पोट भरायला एवढं अन्न लागणारच. तांदूळ महागला की मांसमच्छीवर खर्चायला पैसे उरत नाहीत, आणि त्यातून गेलेलं पोटभरीचं मोजमाप पुन्हा तांदळानंच भरून काढावं लागतं, कारण महाग होऊनही सर्वांत स्वस्त पोटभरी तोच देतो.

गान्सूमध्ये गव्हाबाबतचा पुरावा तितका ठाम निघाला नाही. आणि हुनानमध्येही जी कुटुंबं सर्वांत गरीब होती, ज्यांचं जवळजवळ सगळं जेवण आधीच भाताचं होतं, त्यांच्यात हा उलटा प्रकार दिसला नाही. मांसमच्छी त्यांच्या ताटात नव्हतीच. तांदूळ महागल्यावर कमी करायला त्यांच्याकडे तांदळाशिवाय दुसरं काही नव्हतं.