बस सुटण्याआधीची हजेरी

सहावीच्या चाळीस मुलांना शिवनेरीवर न्यायचे, तर आखणी निदान महिनाभर आधी सुरू व्हावी. मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. त्यासोबत मुलांची यादी, शिक्षकांची नावे, मार्ग आणि पालकांची संमतिपत्रे असतात. परवानगी हाती येईपर्यंत पैसे गोळा करू नयेत.

संमतिपत्रावर नुसती सही पुरत नाही. दमा, फिट येणे, औषधांची किंवा मधमाशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी हे स्पष्ट विचारावे. गडावर मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

खरी कसोटी मोजणीची. नुसते डोके मोजले की चूक होते. दुसऱ्या शाळेचे मूल रांगेत शिरले तरी आकडा चाळीसच भरतो. म्हणून दहा-दहांचे चार गट करावेत, प्रत्येक गटाला एक शिक्षक द्यावा आणि त्याने नाव घेऊनच हजेरी घ्यावी. बसमध्ये चढताना, पायथ्याशी, शिवाई देवीच्या मंदिराजवळ, जेवणानंतर आणि परतताना. एक शिक्षक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. चारही गटांची हजेरी जुळल्याशिवाय चालकाला निघण्याची खूण करू नये.

पालकांच्या ग्रुपवर एकाच शिक्षकाने निरोप द्यावेत: पोहोचलो, निघालो, उशीर होतोय. उशीर लपवला की अफवा पसरतात.

परतीच्या वाटेवर ‘जरा समुद्र बघून जाऊ’ असा हट्ट झाला, तर ठाम नकार द्या. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीचे १४ विद्यार्थी बुडाले होते.