चकतीची कड आणि केंद्र

प्लास्टिकच्या एका पातळ चकतीवर सगळीकडे सारखा विद्युतभार पसरला आहे असे समजा. तिची त्रिज्या 10 सेंटिमीटर आणि एकूण भार 10 नॅनोकूलोम आहे. केंद्रातून चकतीला काटकोनात निघणाऱ्या रेषेला, म्हणजे अक्षावर, विद्युत विभव किती असेल?

चकती म्हणजे एकात एक बसलेल्या बारीक कड्यांचा संच. अक्षावरच्या बिंदूपासून एका कड्याचा प्रत्येक भाग सारख्याच अंतरावर असतो, आणि विभवाला दिशा नसते. त्यामुळे सगळ्या कड्यांची नुसती बेरीज करायची. या बेरजेचे उत्तर मला फार देखणे वाटते:

V = (σ/2ε₀) × (√(z² + R²) − z)

कंसातले पहिले पद म्हणजे बिंदूपासून चकतीच्या कडेपर्यंतचे अंतर आणि दुसरे केंद्रापर्यंतचे. विभव ठरतो तो या दोन अंतरांच्या फरकावर. आपल्या चकतीसाठी फरकाच्या दर सेंटिमीटरला 180 व्होल्ट.

आता तपासू. केंद्रावरच गेलो तर फरक पूर्ण 10 सेंटिमीटर, म्हणून विभव 1800 व्होल्ट. तिथून अक्षावर सरकताना विभव सुरुवातीला दर सेंटिमीटरला जवळपास 180 व्होल्टने उतरतो. हा उतार म्हणजेच विद्युत क्षेत्र: मीटरला 18,000 व्होल्ट, अनंत पसरलेल्या भारित पत्र्याइतकेच. एक मिलिमीटरवर ते एकच टक्का कमी भरते, पण एक सेंटिमीटरवर सुमारे दहा टक्के. कडेची जाणीव इतक्या लवकर होते.

दूर जाताना मात्र जपून. एक मीटरवर कडेचे अंतर 100.499 सेंटिमीटर आहे. ते 100 धरले की विभव शून्य येतो, आणि अनेक विद्यार्थी इथेच थांबतात. शून्याकडे तर कोणताही विभव जातो. तो कसा जातो, हे पाहायचे असते. म्हणून वजाबाकी टाळून फरक असा लिहावा: त्रिज्येचा वर्ग भागिले दोन्ही अंतरांची बेरीज. 100 भागिले 200.499, म्हणजे 0.4988 सेंटिमीटर. विभव 89.8 व्होल्ट. सगळा भार केंद्रात एका बिंदूवर असता तर 90 आला असता. त्याच जागी क्षेत्र मात्र बिंदुभारापेक्षा पाऊण टक्का कमी निघते. उताराला आकाराची खूण विभवापेक्षा तिप्पट जाणवते.

दोन्ही टोकांच्या मध्ये, 10 सेंटिमीटरवर, कोणताच सोपा नियम चालत नाही. विभव 746 व्होल्ट येतो, बिंदुभाराचा हिशेब 900 सांगतो. क्षेत्र तर मीटरला सुमारे 5,270 व्होल्ट. पत्र्याच्या नियमाने 18,000 आणि बिंदुभाराने 9,000 आले असते. तिथे पूर्ण सूत्रच वापरावे लागते.

चकती धातूची असेल तर हे सूत्रही लागू नाही, कारण धातूत भार सरकतो आणि कडेला दाटतो.