चाललो किती, थांबलो किती

जीपीएक्स फाइलमध्ये वाटचालीचा माग बिंदूंच्या ओळीने नोंदलेला असतो. प्रत्येक `<trkpt>` बिंदूत अक्षांश-रेखांश असतात आणि `<time>`मध्ये वेळ. दोन लागोपाठच्या बिंदूंमधले अंतर आणि वेळ काढली की त्या टप्प्याचा वेग मिळतो. वेग ताशी 1 किलोमीटरपेक्षा कमी असेल तर तो वेळ थांब्यात, नाहीतर चालण्यात धरतात.

अडचण येते ती बसल्यावर. माणूस झाडाखाली डबा खात असतो, पण जीपीएसचा बिंदू दर सेकंदाला मीटर-दोन मीटर इकडेतिकडे सरकतो. सेकंदाला 1 मीटर म्हणजे ताशी 3.6 किलोमीटर, म्हणजे बसलेला माणूस चालताना दिसतो आणि अंतरही फुगते. नकाशावर अशा जागी रेषांचा गुंता दिसतो. म्हणून 30 सेकंदांच्या सुरुवातीची आणि शेवटची जागा ताडून पाहावी. त्यांच्यातले अंतर 8 मीटरपेक्षा कमी असेल, तर तो थांबा समजावा आणि त्यातले अंतर धरू नये. मात्र खड्या चढावरची अगदी संथ चालही या चाळणीत अडकू शकते.

समजा, 24 किलोमीटरच्या चालीला एकूण 420 मिनिटे लागली आणि थांबे 72 मिनिटांचे निघाले. चालण्याचा वेळ उरला 348 मिनिटे. त्याला 24ने भागले की किलोमीटरमागे साडेचौदा मिनिटे येतात. थांबे धरले तर साडेसतरा. टप्प्याटप्प्याच्या गतींची सरासरी काढू नये, कारण छोट्या टप्प्यांना नको तेवढे वजन मिळते. पुढच्या वाटचालीचे वेळापत्रक आखताना साडेसतराचा आकडाच धरावा.