नोंदवहीतून डॉक्टर शोधताना

मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या पहिल्या काळातल्या डॉक्टर एडिथ पेची कुठे शिकल्या? ब्रिटनमध्ये 1858च्या कायद्यानंतर दरवर्षी ‘मेडिकल रजिस्टर’ छापले जाऊ लागले. त्यात डॉक्टरचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि पात्रता असे. पेचींची नोंदणीयोग्य पात्रता 1877 सालची, आयर्लंडच्या किंग अँड क्वीन्स कॉलेज ऑफ फिजिशियन्सची. म्हणून त्या डब्लिनला शिकल्या, असे समजणे चुकीचे ठरेल. परवाना देणारी संस्था आणि शिकवणारी संस्था वेगळी असू शकते.

पेची 1869पासून एडिनबर्गमध्ये शिकल्या, पण तिथल्या विद्यापीठाने स्त्रियांना पदवी नाकारली. 1877मध्ये त्यांनी बर्नची एम.डी. मिळवली. तेव्हा परदेशी पदवीवर नोंदणी होत नसे, म्हणून डब्लिनची परीक्षा द्यावी लागली. अशी परदेशी पदवी आणि शिक्षणाचे ठिकाण ‘मेडिकल डिरेक्टरी’त शोधावे. मात्र ती माहिती डॉक्टर स्वतः कळवत, म्हणून विद्यापीठाच्या दप्तराशी ताडून पाहावी.

डॉक्टरने व्यवसाय कुठे केला हे शोधण्यासाठी रजिस्टरचे दरवर्षीचे खंड ओळीने लावून पत्ता कुठे बदलतो ते बघावे. पेची आधी लीड्समध्ये होत्या, 1883च्या अखेरीस मुंबईला आल्या. पत्ता वेळेवर कळवला नसेल, तर जुनाच छापला जाई; त्यामुळे एका खंडावरून स्थलांतराचे वर्ष ठरवू नये. नाव मध्येच गायब झाले, तर लग्नानंतरचे आडनाव शोधावे. 1889नंतर त्या पेची-फिप्सन झाल्या.