गोल टेबलाला कापड किती लागतं?

चौकोनी टेबलासाठी कापड घेताना कुणी अडत नाही. लांबी मोजली, दोन्हीकडे सोडायचं मोजलं, झालं. टेबल गोल असलं की मात्र काउंटरवर थोडा घोळ होतो. गिऱ्हाईक म्हणतं चार फुटी टेबल आहे, दोन मीटर पुरेल ना? दुकानदार लगेच हो म्हणत नाही, आधी काही प्रश्न विचारतो. ते प्रश्न आणि त्यांच्या मागचा हिशेब इथे एका संवादातून मांडतो आहे. यातल्या ताई आणि काका कल्पनेतले आहेत, पण आकडे कुणालाही घरी टेप घेऊन पडताळता येतील.

"काका, हे पिवळं सुती कापड. गोल डायनिंग टेबलासाठी हवंय, चार फुटी आहे."

"चार फूट म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत ना? मधोमध मोजलंत? गोल टेबलावर टेप जरा बाजूला सरकली तर माप कमीच येतं. टेप फिरवत राहायचं आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा."

"तसंच मोजलं. ४८ इंच."

"खाली किती लोंबायला हवं?"

हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो, पण कापड सगळ्यात जास्त त्याच्याच उत्तरावर ठरतं. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं आणि खुर्चीची बैठक १८ इंचांवर. म्हणजे कापड १२ इंच लोंबलं की ते बैठकीला टेकतं, बसणाऱ्याच्या मांडीवर गोळा होतं आणि उठताना पायांबरोबर ओढलं जातं. म्हणून रोजच्या वापराला ८ ते १० इंच बरे. ताईंनी १० सांगितले.

"मग दोन्ही बाजूंचे मिळून २०. ४८ आणि २०, ६८. आता दुमडीसाठी कडेने एकेक इंच माया ठेवू. ती पण दोन्हीकडे येते. म्हणजे ७० इंच. कापायचा गोल एवढा."

माया म्हणजे शिवणीसाठी राखलेलं जास्तीचं कापड. ती एकदाच मिळवण्याची चूक बरेचदा होते. गोलाच्या आरपार मोजताना कड दोनदा येते, म्हणून लोंबतं माप आणि माया दोन्ही दुप्पट धरायची.

"माझ्या मुलीनं घरी क्षेत्रफळ काढून दिलंय, काका. ती दहावीला आहे. त्रिज्या ३५, तिचा वर्ग १२२५, त्याला बावीस सप्तमांशानं गुणलं की ३८५० चौरस इंच. तुमच्या कापडाचा पन्हा ४४ इंच. भागलं तर साडेसत्याऐंशी इंच येतात. म्हणजे सव्वादोन मीटर."

"हिशेब बरोबर आहे तिचा. पण सव्वादोन मीटरमधून हा गोल निघणार नाही."

मुलीने गोलात कापड किती मावतं ते काढलं. दुकानात विचारायचं असतं ते वेगळं : ४४ इंच रुंदीच्या लांब पट्ट्यातून तो गोल कापून निघायला पट्टा किती लांब हवा? गोल ७० इंचांचा, पन्हा ४४ इंचांचा, म्हणजे एका तुकड्यात तो बसतच नाही. जोड द्यावाच लागणार. सव्वादोन मीटरमधून मधल्या तुकड्यासाठी ७० इंच काढले की मागे जेमतेम १८ इंच लांब आणि ४४ इंच रुंद तुकडा उरतो. क्षेत्रफळ पुरेसं असेल, पण त्याचा आकार उपयोगाचा नाही.

"मग ७०-७० इंचांचे दोन तुकडे घ्यायचे आणि मध्ये जोडायचे का?"

"मध्ये जोड नको, ताई. ताटाखालून बरोब्बर मधोमध शिवण जाईल आणि पहिली नजर तिच्यावरच पडेल. एक अख्खा पन्हा मध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या तुकड्यातून दोन पट्ट्या काढून दोन बाजूंना लावायच्या. मग जोड टेबलाच्या कडेजवळ येतात."

इथपर्यंत बहुतेक शिंपी आणि दुकानदार सांगतात, आणि ७०चे दोन तुकडे म्हणजे १४० इंच, साडेतीन मीटरहून थोडं जास्त, असा हिशेब धरतात. या काकांनी मात्र एक पायरी पुढे जाऊन पावतीच्या पाठीवर गोल काढला.

मधल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना शिवणीत अर्धा-अर्धा इंच जातो, म्हणून ४४ पैकी ४३ इंच दिसतात. गोल ७०चा. उरले २७, म्हणजे दर बाजूला साडेतेरा. त्यात शिवणीचा अर्धा इंच मिळवला की बाजूची पट्टी १४ इंच रुंद. आता ती लांब किती हवी? ही पट्टी गोलाच्या मध्यावर येत नाही, कडेला येते, आणि तिथे गोल अरुंद झालेला असतो. म्हणून तिला ७० इंच लागतच नाहीत.

"तुमच्या मुलीला पायथागोरस येत असेल. पट्टीची आतली कड गोलाच्या मध्यापासून २१ इंचांवर आहे. मध्यापासून गोलाच्या काठापर्यंत ३५. आता ३५चा वर्ग १२२५, २१चा वर्ग ४४१. वजा केले, ७८४ उरले. त्याचं वर्गमूळ २८. वर २८, खाली २८. पट्टी ५६ इंच लांब पुरते."

अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर २८ इंच रुंदी लागते आणि ४४च्या पन्ह्यात त्या आरामात बसतात. म्हणजे एकूण लांबी ७० आणि ५६ मिळून १२६ इंच, बरोबर ३ मीटर २० सेंटिमीटर. दोन अख्ख्या तुकड्यांच्या हिशेबापेक्षा १४ इंच कमी. पट्टी लावताना तिचा मध्य मोठ्या तुकड्याच्या मध्यावर यायला हवा, नाहीतर गोल कापताना एका टोकाला कापड अपुरं पडतं. तेवढी चूक पोटात घ्यायला आणि पन्हा जरा कमी भरला तर सावरायला पट्टी ५८ची धरलेली बरी.

"म्हणजे १२८ इंच. सव्वातीन मीटर द्या मग."

"हे सुती आहे, आटेल. शिवायच्या आधी पाण्यातून काढून घ्या."

कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचांमागे तीन-चार, कधी पाच इंच आटतं. न धुता शिवलं तर नुसतं लहान होऊन भागत नाही. ते उभ्या आणि आडव्या धाग्यात सारखं आटत नाही, त्यामुळे धुतल्यावर गोल किंचित लांबट होतो आणि एका बाजूला जास्त लोंबतो. काकांनी पाच टक्के धरले : आटल्यावर १२८ उरायला हवेत, तर आधी सुमारे १३५ हवेत. म्हणजे साडेतीन मीटर. पन्हाही दोन इंचांनी आटेल, मग बाजूच्या पट्ट्या १५ इंचांच्या कराव्या लागतील. त्या अजूनही पन्ह्यात बसतात आणि शेजारी बारा इंचांची पट्टी शिल्लक राहते.

ती शिल्लक पट्टी पुढे कामाला आली, कारण ताईंच्या मनात दुमडीबद्दल वेगळंच होतं.

"दुमड मला चांगली रुंद हवी, काका. पडद्याला असते तशी. एक इंच अख्खा आत घालायला सांगेन."

"पडद्याची कड सरळ असते. इथे ती वळते. एक इंच आत दुमडलात तर चुण्या पडतील."

गोल शिवणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी अडतो. कापलेली कड मध्यापासून ३५ इंचांवर असते. एक इंच दुमडली की ती ३३ इंचांवर येऊन बसते. पण ३५च्या वर्तुळाचा घेर ३३च्या घेरापेक्षा साडेबारा इंचांनी जास्त आहे. ते साडेबारा इंच कापड कुठेतरी जायलाच हवं, आणि ते दुमडीच्या आत बारीक बारीक घड्या होऊन बसतं. इस्त्री कितीही फिरवली तरी कड वर उचललेली राहते.

हे जास्तीचं कापड टेबल किती मोठं यावर अवलंबून नसतं. एक इंच दुमड म्हटली की सहा फुटी टेबलालाही साडेबारा इंच आणि लहानशा टीपॉयलाही साडेबाराच. मोठ्या टेबलावर ते लांब कडेवर पसरतं म्हणून कमी जाणवतं. टीपॉयवर तेवढंच कापड थोड्या जागेत कोंबावं लागतं. म्हणून गोल जितका लहान तितकी दुमड बारीक हवी.

"मग काय करू?"

"दोन रस्ते आहेत. पाव इंच दुमडून पुन्हा पाव इंच दुमडा. त्यात जास्तीचं कापड तीनच इंच होतं. ते सुती कापड गिळतं, दिसत नाही. किंवा रुंद कडच हवी असेल तर उरेब पट्टी लावा."

बारीक दुमडीत फक्त अर्धा इंच आत जातो, तरी राखायचा एक इंचच. गोल कापल्यावर कापड एक रात्र टेबलावर टाकून ठेवायचं. जिथे धागा तिरका येतो तिथे कापड थोडं ओघळतं. सकाळी टेबलाच्या कडेपासून खाली सगळीकडे सारखं माप घेऊन खूण करायची आणि जास्तीचा भाग छाटायचा. दुमडण्याआधी कडेपासून पाव इंचावर मशीनची एक टीप मारून घेतली की कड ताणली जात नाही आणि दुमड त्या टिपेवर आपोआप वळते.

उरेब पट्टी म्हणजे कापडाच्या धाग्याला ४५ अंशांत तिरकी कापलेली पट्टी. ती ताणते, म्हणून वळणावर चुण्या न पडता बसते. तयार गोलाचा घेर सुमारे २१४ इंच, पट्टी दीड इंच रुंद. बारा इंचांच्या शिल्लक पट्टीतून तिरके तुकडे सतरा इंचांच्या आसपास लांब निघतात. असे तेरा-चौदा तुकडे जोडले की पूर्ण फेरी होते. पट्टी सुलट बाजूने कडेला शिवायची, आत वळवायची आणि आतून हातशिलाईने टाचायची. बाहेरून रुंद दुमड दिसते आणि वेगळं कापड घ्यावं लागत नाही. काम वाढतं, हे खरं. शिंप्याकडे दिलंत तर तो त्याचे वेगळे पैसे घेईल.

"आणि चादरीचं कापड घेतलं तर? ९० इंच पन्ह्याचं?"

"मग जोडच नको. ७० इंच आणि आटायचे चार इंच. एक मीटर नव्वद पुष्कळ. मीटरचा भाव जास्त वाटेल, पण भाव मीटरचा बघू नका, अख्ख्या टेबलाचा बघा. ४४ पन्ह्याचं साडेतीन मीटर घेणार, हे एक नव्वद. म्हणजे याचा मीटर पावणेदोनपट महाग असला तरी पैसे सारखेच होतात, आणि दोन शिवणी वाचतात. फक्त हा पिवळा त्यात मिळणार नाही."

ताईंना पिवळाच हवा होता. कापड एकरंगी असल्याने जोड लपणार होते. मोठ्या नक्षीचं असतं तर हिशेब बदलला असता : दोन शिवणींवर फुलाशी फूल जुळवायला नक्षी जितक्या इंचांनी पुन्हा येते तितके इंच आणखी घ्यावे लागतात. दहा इंचांनी येत असेल तर पाव मीटर जास्त.

"साडेतीन मीटर फाडा. कातरीनं कापू नका हं."

"नाही, फाडूनच देतो. टोक धाग्याला सरळ राहतं."