स्लॅबची जाळी: किती तार, किती कव्हर ब्लॉक?

घर बांधताना सिमेंटच्या गोण्या आणि लोखंडाचे टन घरमालकाला तोंडपाठ होतात. बांधणीची तार आणि कव्हर ब्लॉक मात्र यादीच्या शेवटी येतात आणि त्यांचे आकडे कुणी विचारत नाही. तार ‘टनाला 10 किलो’ आणि ब्लॉक ‘चौरस मीटरला एक’ असे दोन ठोकताळे साइटवर चालतात. ते कुठून आले आणि आपल्या स्लॅबला ते पुरतात का, हे एका खोलीचा स्लॅब मोजून पाहता येतं.

आधी या दोन वस्तूंचं काम काय ते पाहू. तारेमुळे स्लॅबची ताकद वाढत नाही. काँक्रीट घट्ट झाल्यावर सळईला धरून ठेवतं ते काँक्रीटच, तार नव्हे. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवरून चालतात, व्हायब्रेटर फिरतो, माल ढकलला जातो. त्या काही तासांत सळई आखून दिलेल्या जागेवरून हलू नये, एवढंच तारेचं काम. कव्हर ब्लॉकचं कामही तेच, फक्त दिशा वेगळी. तार सळयांमधलं अंतर राखते आणि ब्लॉक सळई व सेंट्रिंगच्या पत्र्यामधलं अंतर राखतो.

आता हिशेब. स्लॅब 6 मीटर लांब, 3.6 मीटर रुंद आणि 125 मिमी जाड आहे असं धरू. रुंदीच्या दिशेने, म्हणजे आखूड बाजूला, 10 मिमीच्या मुख्य सळया दर 150 मिमीवर आहेत. त्यांच्यावर लांबीच्या दिशेने 8 मिमीच्या आडव्या सळया दर 200 मिमीवर आहेत. मुख्य सळया 41 होतात आणि आडव्या 19. वजनाचं सूत्र फिटरलाही पाठ असतं: मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. त्याप्रमाणे मुख्य सळया सुमारे 91 किलो आणि आडव्या 45 किलो, मिळून 136 किलो लोखंड भरतं. बीमचं आणि आधारावरचं वरचं लोखंड इथे धरलेलं नाही.

तार मात्र लोखंडाच्या वजनावर खर्च होत नाही, ती गाठींवर खर्च होते. 41 सळया 19 सळयांना 779 ठिकाणी छेदतात. फिटर साधारण 30 सेंमी तार तोडून ती दुहेरी करतो आणि आकडीने पिळून गाठ मारतो. 18 गेजची तार सुमारे 1.2 मिमी जाड असते आणि तिचं एक मीटर 9.2 ग्रॅम भरतं. म्हणजे एका गाठीला पावणेतीन ग्रॅम तार लागते. प्रत्येक छेद बांधला तर 2.14 किलो आणि वाया जाणारी दहा टक्के धरून 2.36 किलो. टनाच्या भाषेत हा आकडा 17 किलोच्या वर जातो.

मग दहाचा ठोकताळा आला कुठून? बहुतेक साइटवर कडेच्या सगळ्या गाठी बांधतात आणि आत एकाआड एक छेद सोडून देतात. आपल्या जाळीत कडेचे छेद 116 आहेत आणि आतल्या 663 पैकी निम्मे 332, म्हणजे एकूण 448 गाठी. त्यांना वाया जाणाऱ्या तारेसह 1.36 किलो तार लागते आणि 136 किलो लोखंडाला हे प्रमाण टनामागे बरोबर 10 किलो येतं. पण हेच 10 किलो दुसऱ्या वाटेनेही येतात. 20 गेजची, म्हणजे 0.9 मिमीची, बारीक तार घेतली तर तेवढ्याच लांबीत गाठ दीड ग्रॅमच्या आसपास बसते आणि सगळे 779 छेद बांधूनही टनामागे खर्च 10 किलोच्या आतच राहतो. म्हणजे ‘टनाला 10 किलो तार’ एवढं ऐकून निम्मे छेद मोकळे आहेत की सगळे बांधले आहेत, हे कळत नाही.

सळईची जाडी बदलली की हा आकडा आणखी सरकतो. पायाच्या फूटिंगमध्ये 16 मिमीच्या सळया दोन्ही दिशांना 150 मिमीवर असतील तर चौरस मीटरला 21 किलो लोखंड बसतं आणि छेद फक्त 44 येतात. आपल्या स्लॅबमध्ये चौरस मीटरला जेमतेम 6 किलो लोखंड आहे आणि छेद 33. जाड सळईला लांब तार लागते हे धरूनही, प्रत्येक छेद बांधला तर फूटिंगला टनामागे साडेआठ किलोच्या आसपास तार पुरते, म्हणजे स्लॅबच्या निम्मी. जाड लोखंडाला कमी आणि बारीक लोखंडाला जास्त तार लागते ती यामुळे. सगळ्या घरासाठी एकच आकडा धरला की स्लॅबच्या वेळी तार कमी पडते आणि मग सांधे सुटत जातात.

आता कव्हर ब्लॉक. चौरस मीटरला एक या हिशेबाने आपल्या 21.6 चौरस मीटरच्या स्लॅबला 22 ब्लॉक येतात. ब्लॉक एकमेकांपासून मीटरभर दूर पडतात. इथे सळईच्या वाकण्याचा नियम आठवावा लागतो. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर त्याच वजनाखाली सळई आठपट वाकते. 10 मिमीच्या सळईवर माणसाच्या पायाचा 30 किलो भार मीटरभर अंतराच्या मध्यावर पडला, तर ती सुमारे 16 मिमी खाली जाते. कव्हर 20 मिमीचं आहे हे लक्षात घेतलं तर उरलं काय? तेच अंतर 60 सेंमी केलं तर वाक साडेतीन मिमीच्या आत राहतो. 8 मिमीची सळई याच्या दुपटीहून जास्त लवते, म्हणून बारीक लोखंडाला ब्लॉक जवळ हवेत.

60 सेंमीच्या हिशेबाने आपल्या स्लॅबमध्ये दर चौथ्या मुख्य सळईखाली ब्लॉक येतात. अशा 11 सळया आणि प्रत्येकीखाली 7 ब्लॉक, म्हणजे 77 ब्लॉक. फुटणारे धरून 85 मागवावेत. 22 आणि 85 यांतला फरक एका गोणीत मावेल एवढाच आहे.

तार आणि ब्लॉक यांचा एकमेकांशी संबंध इथेच दिसतो. चार मुख्य सळयांपैकी एकीखाली ब्लॉक आहे. मग उरलेल्या तिघींना कोण धरतं? त्या वरच्या आडव्या सळयांना तारेच्या गाठीने टांगलेल्या असतात. गाठ सुटली किंवा ढिली राहिली की मधली सळई खाली झुकते आणि शेजारी ब्लॉक असूनही तिचं कव्हर जातं. म्हणून ब्लॉक वाढवले आणि गाठी सोडल्या, किंवा गाठी पक्क्या केल्या आणि ब्लॉक कमी ठेवले, तर दोन्हीकडे काम अर्धवटच राहतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विनिर्देशांत प्रत्येक छेद 0.9 ते 1.6 मिमीच्या तापवून मऊ केलेल्या दुहेरी तारेने बांधायला सांगितलं आहे.

कव्हर किती असावं हे भारतीय मानक आयएस 456:2000 ठरवतं. हवामानापासून सुरक्षित जागी 20 मिमी, मध्यम परिस्थितीत 30 मिमी आणि तीव्र परिस्थितीत 45 मिमी. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेतलं, पण आडोशाला असलेलं काँक्रीट मध्यम वर्गात येतं. म्हणून रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या घराला पुण्याच्या घरातला 20 मिमीचा ब्लॉक चालत नाही. प्रत्यक्ष कव्हर ठरलेल्यापेक्षा 10 मिमीपर्यंत जास्त झालं तर चालतं, पण कमी मुळीच नको, असंही हे मानक सांगतं.

कमी कव्हर महाग पडतं ते वेळेच्या हिशेबात. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू आत शिरतो आणि सळईभोवतीचा गंजरोधक अल्कधर्म नष्ट करत जातो. ही वाटचाल वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे होते, म्हणून 20 मिमीऐवजी 10 मिमी कव्हर मिळालं तर सळईपर्यंत पोहोचायला निम्मा नाही, साधारण पाव वेळ लागतो. गंज चढला की त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. मग छताच्या खालच्या बाजूला सळयांच्या ओळीत रेघा उमटतात, तांबूस डाग येतात आणि शेवटी गिलाव्यासकट काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. तारेची टोकं खाली लोंबत राहिली तर गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून गाठ मारल्यावर टोक स्लॅबच्या आत वळवायचं असतं.

कव्हर जास्त झालं तरी नुकसान आहे. आपल्या 125 मिमी स्लॅबमध्ये वरच्या पृष्ठापासून सळईच्या मध्यापर्यंतची खोली 100 मिमी आहे. चुकून 40 मिमीचे ब्लॉक घातले तर ती 80 राहते आणि वाकण्याविरुद्धची ताकद पाचव्या भागाने घटते. आधारावरच्या आणि छज्जाच्या वरच्या सळयांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना खालून ब्लॉक पोहोचत नाहीत, लोखंडी खुर्च्या लागतात. खुर्च्या नसल्या की तुडवून त्या सळया खाली बसतात आणि पुढे झुकलेल्या छज्जाला ते सर्वांत घातक ठरतं.

ब्लॉकचा दर्जा पाहणंही सोपं आहे. ब्लॉक स्लॅबच्या काँक्रीटएवढाच मजबूत हवा. साइटवरच मसाल्याचे ओतलेले आणि नीट पाणी न मारलेले ब्लॉक पायाखाली चुरतात आणि पुढे ओल झिरपण्याची वाटही तेच होतात. खडी, फरशीचे तुकडे किंवा लाकडाच्या चिपा हा पर्याय नव्हे. त्यांची जाडी सारखी नसते आणि धक्का लागला की त्या सरकतात. तारेची परीक्षा हातानेच होते. मऊ तार पिळ घेते आणि टिकते, नीट तापवून मऊ न केलेली तार पिळताच तुटते.

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी तपासाव्यात. जाळीवरून चालताना सळई पायाखाली लवते का, आणि हाताने उचलली तर शेजारची सळई सोबत येते का. लवत असेल तर तिथे ब्लॉक वाढवायचे, सोबत येत नसेल तर गाठ मारून घ्यायची. ठेकेदाराशी करार करतानाही ‘टनाला 10 किलो तार’ असं न लिहिता ‘प्रत्येक छेद दुहेरी तारेने बांधायचा आणि ब्लॉक 60 सेंमीवर ठेवायचे’ असं लिहिलेलं बरं. वजन काट्यावर मोजलं जातं, पण जाळी कुठे राहिली हे फक्त गाठी आणि ब्लॉक मोजूनच कळतं.